आक्त्युएलमाँ आणि अ‍ॅक्चुअली : सीमाभागातील फ्रेंच-अभ्यासकांना चकविणाऱ्या शब्दांचा आढावा

फ्रेंच भाषेचा नवा अभ्यासक ज्या चुका करतो त्यांपैकी बहुसंख्य चुका आपण होऊन उघडकीस येतात. क्रियापदाचे रूप चुकले, विशेषणाचे लिंग नामाशी जुळले नाही, उच्चारात अनुनासिकाचा लोप झाला, तर ऐकणारा क्षणभर अडखळतो, शिक्षकाची तांबडी शाई त्या जागी उतरते आणि दोन-चार वेळा दुरुस्ती झाल्यावर ती चूक मागे पडते. परंतु चुकांचा आणखी एक वर्ग असा आहे की ज्यात वाक्याची रचना निर्दोष असते, प्रत्येक शब्द कोशात सापडणारा असतो आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थही लागतो. फक्त तो अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातला नसतो. अशा वाक्यांना व्याकरणाची रुजुवात पुरत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहतात. इंग्रजीतून परिचित झालेला शब्द फ्रेंचमध्ये जवळजवळ त्याच रूपाने भेटावा आणि त्याचा अर्थ मात्र निराळा असावा, ह्या एकाच कारणातून हा सारा वर्ग उत्पन्न होतो. त्या शब्दांना फ्रेंच लोक ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र, म्हणतात. मॅक्सिम केस्लर आणि ज्यूल दरोकिन्यी ह्या दोघांनी 1928 मध्ये इंग्रजी शब्दसंग्रहाच्या दगलबाजीविषयी तर्जुमाकारांना सावध करणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातून ही संज्ञा रूढ झाली.

त्या ग्रंथाचा वाचक फ्रेंच मातृभाषेचा होता आणि त्याचा प्रवास फ्रेंचकडून इंग्रजीकडे चालला होता. आपल्याकडील अभ्यासकाचा प्रवास उलट दिशेचा आहे, आणि शिवाय त्याचा प्रारंभ इंग्रजीपासूनही होत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी ह्या टापूतील मुलाच्या घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कानडी, शाळेच्या पुस्तकांतून इंग्रजी आणि पडद्यावरून हिंदी, असा चौपदरी भाषाव्यवहार बालपणापासून चालू असतो. फ्रेंच ही त्याला बहुधा पाचवी भाषा म्हणून भेटते. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवावा, कॅनडात स्थायिक होण्याच्या अर्जाला भाषापरीक्षेचे गुण जोडावेत, अशा व्यावहारिक हेतूने ती शिकली जाते, आणि पाठ्यपुस्तके, कोश, व्याकरणाची टिपणे ही सारी साधने इंग्रजीतूनच हाती येतात. असा अभ्यासक खोट्या मित्रांच्या तावडीत नेमका कोठून सापडतो, हा प्रश्न केस्लर आणि दरोकिन्यी ह्यांच्या याद्यांनी सुटण्यासारखा नाही. त्याचा निराळा विचार करावा लागतो.

त्या विचाराला आरंभ करण्यास ‘आक्त्युएलमाँ’ ह्या क्रियाविशेषणाइतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही. इंग्रजी ‘अ‍ॅक्चुअली’ आणि हा शब्द ह्यांची अक्षरे कागदावर इतकी सारखी दिसतात की त्यांचे नाते नाकारताच येत नाही, आणि ते नाते खरेही आहे. अर्थ मात्र अगदी भिन्न आहेत. इंग्रजी शब्दाने ‘वस्तुतः’, ‘खरे पाहता’ असा भाव व्यक्त होतो. फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सध्या’, ‘सांप्रत’, ‘ह्या घडीला’ एवढाच आहे. आता एक विद्यार्थी ‘खरे म्हणजे तो काल आला’ हे वाक्य फ्रेंचमध्ये मांडू पाहतो आणि आरंभी आक्त्युएलमाँ ठेवतो, असे समजा. फ्रेंच वाचकापुढे ‘सध्या तो काल आला’ असे काहीतरी येते. ‘सध्या’ आणि ‘काल’ ह्यांची टक्कर होते, वाचक थांबतो, काहीतरी चुकले आहे हे त्याच्या ध्यानात येते. भूतकाळाचे क्रियापद आणि हे क्रियाविशेषण एका वाक्यात दिसले की संशय घ्यावा, असा साधा नियम शिक्षकाला त्यावरून बांधता येतो, आणि बऱ्याच वेळा तो उपयोगी पडतो.

खरा धोका वर्तमानकाळात आहे. ‘खरे म्हणजे मी विद्यार्थी नाही’ हे सांगण्यासाठी त्याच विद्यार्थ्याने ‘आक्त्युएलमाँ, ज न स्वी पा एत्युद्याँ’ असे लिहिले, तर ते वाक्य सर्वथा शुद्ध आहे. फ्रेंच वाचक त्याचा अर्थ ‘सध्या मी विद्यार्थी नाही’ असा घेतो, म्हणजे पूर्वी होता आणि पुढे कदाचित पुन्हा होईल असे समजतो, आणि संभाषण पुढे चालू राहते. कोणीही अडखळत नाही, कोणाला दुरुस्ती सुचत नाही. विद्यार्थ्याला वाटते आपण गैरसमज दूर केला. वाचकाला वाटते त्याला एक नवी माहिती मिळाली. ‘खरे तर माझा भाऊ शिक्षक आहे’, ‘खरे तर आम्ही निपाणीला राहतो’, ‘खरे तर हे दुकान माझ्या मामांचे आहे’, ही सारी वाक्ये ह्याच रीतीने ‘सध्या’च्या अर्थाने पार पडतात, आणि प्रत्येक वेळी कायमची वस्तुस्थिती तात्पुरती होऊन बसते. वर्गात ही चूक पकडावयाची तर शिक्षकाने विद्यार्थ्याला ते वाक्य मराठीत सांगावयास लावावे, ह्याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

चूक ध्यानात आल्यावर विद्यार्थी तिच्या जागी जे घालतो, त्यातही एक खड्डा आहे. ‘वस्तुतः’ ह्या अर्थी फ्रेंचमध्ये ‘आँ फेत’ असा प्रयोग आहे. तो आधीच्या समजुतीला छेद देतो, ‘तुम्हाला वाटते तसे नाही, खरी गोष्ट अशी’ असे सुचवितो. त्याच्याच शेजारी ‘आँ नेफे’ असा दुसरा प्रयोग आहे, आणि तो आधीच्या विधानाला दुजोरा देतो, ‘होय, तसेच आहे’ असे म्हणतो. घाईत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे दोन्ही एकच वाटतात. समोरच्याने ‘आपण पुण्याचे ना?’ असे विचारले आणि ह्याला ‘नाही हो, मी बेळगावचा’ असे सांगावयाचे असता ह्याने ‘आँ नेफे’ने आरंभ केला, तर ऐकणाऱ्याला प्रथम होकार ऐकू येतो आणि मग नकार. कान तयार असेल तर दोहोंतील भेद उच्चारातही सापडतो. पहिल्यात शेवटचा ‘त’ बहुधा स्पष्ट उच्चारला जातो, दुसऱ्यात तो लिहिला जातो पण उच्चारला जात नाही. ज्याला ह्या भानगडीतून सुरक्षित बाहेर पडावयाचे आहे त्याने काही काळ ‘आ व्रे दीर’, म्हणजे ‘खरे सांगावयाचे तर’, एवढ्यावरच काम भागवावे. तो प्रयोग मराठी मनाला सहज रुचतो आणि त्यात फसगत होत नाही.

अर्थांची ही फारकत कशी पडली हे समजून घेतले म्हणजे शब्द लक्षात राहणे सोपे जाते. दोन्ही शब्दांचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे. ‘आक्तुस’ म्हणजे कृती. त्यावरून जे केवळ शक्यतेच्या अवस्थेत नसून प्रत्यक्ष कृतीत उतरले आहे त्यासाठी पंडितांनी विशेषण बनविले. इंग्रजीने त्यातील ‘प्रत्यक्ष, म्हणून खरे’ ही छटा उचलली. फ्रेंचमध्ये ‘प्रत्यक्ष, म्हणून आता समोर असलेले’ ही छटा बळावत गेली आणि जुनी छटा तत्त्वज्ञानापुरती व धर्मशास्त्रापुरती उरली. जन्मजात पापाहून निराळे असे जे पाप मनुष्य स्वतःच्या कृतीने करतो, त्याला फ्रेंच धर्मग्रंथांत अजूनही हेच जुने विशेषण लावतात. ‘ताज्या घडामोडी’ ह्यासाठी फ्रेंचमध्ये ‘आक्त्युआलिते’ हा शब्द आहे, आणि संगणकाच्या पडद्यावरील पान पुन्हा ताजे करावयाच्या खुणेपाशी ‘आक्त्युआलिझे’ असे लिहिलेले असते. ह्या सर्व कुटुंबात ‘आत्ताचे’ हाच भाव आहे. विशेष म्हणजे पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन आणि जर्मन ह्या भाषांतही ह्या शब्दाची भावंडे ‘सांप्रतचे’ ह्याच अर्थाने नांदतात. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले त्यांना ‘आतुआल्मेंत’ म्हणजे ‘सध्या’ हे शिकवावे लागले नसते. सारी युरोपीय बिरादरी एकीकडे आणि इंग्रजी एकटी दुसरीकडे, असा हा मामला आहे. म्हणून अपवाद कोण हे पाहू गेल्यास खोटेपणाचा आरोप फ्रेंचवर ठेवणे न्यायाचे होणार नाही.

‘एव्हाँत्युएलमाँ’ ह्या दुसऱ्या प्रसिद्ध शब्दाचीही हकिकत तशीच आहे. इंग्रजीत त्याचा जोडीदार ‘अखेरीस, शेवटी एकदाचे’ असा निश्चय सांगतो. फ्रेंचमध्ये तो ‘वेळ पडल्यास, प्रसंगी, कदाचित’ अशी शक्यता मात्र सांगतो. जर्मन भाषेतही तो शक्यताच दाखवितो. अर्जात ‘अखेरीस मला संशोधन करावयाचे आहे’ असे लिहू पाहणारा उमेदवार ह्या शब्दाच्या आहारी जाऊन ‘जमलेच तर संशोधनही करीन’ असे लिहून बसतो, आणि निवड करणाऱ्याच्या मनात त्याच्या निष्ठेविषयी शंका उत्पन्न होते. एक दक्षता मात्र घ्यावी लागते. कॅनडातील क्युबेक प्रांतात इंग्रजीच्या सतत सान्निध्यामुळे हा शब्द ‘पुढेमागे, अखेरीस’ ह्या अर्थाने बोलण्यात ऐकू येतो, आणि तेथील भाषारक्षक त्यास दूषण देतात. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने तो अर्थ कानाने ओळखावा, पण परीक्षेच्या कागदावर उतरवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठी मातृभाषेच्या मनुष्याची फ्रेंच इंग्रजीच्या बाजूने का बिघडावी? मातृभाषेचा प्रभाव सर्वांत बलवान असावयास हवा, असे सामान्यतः वाटते. रॉबर्ट लाडो ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये दोन भाषांची तुलना मांडणारा जो ग्रंथ लिहिला, त्यातही फसव्या सगोत्र शब्दांचा विचार मातृभाषा आणि परभाषा ह्या दोहोंपुरताच आहे. पुढे एरिक केलरमन ह्या नेदरलंड्समधील अभ्यासकाने असे दाखवून दिले की, शिकणारा मनुष्य कोणती भाषा कोणत्या भाषेच्या जवळची आहे ह्याविषयी मनाशी एक अंदाज बांधतो, आणि जी जवळची वाटते तिच्यातून उसनवारी करतो. 1998 मध्ये सारा विल्यम्स आणि ब्यर्न हम्मारबेरी ह्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यात विल्यम्सबाई स्वतःच अभ्यासविषय होत्या. त्यांची मातृभाषा इंग्रजी, जर्मनवर त्यांचे प्रभुत्व, आणि स्वीडिश भाषा त्या नव्याने शिकत होत्या. स्वीडिश शब्द बनविताना त्यांचे मन प्राधान्याने जर्मनचा आधार घेई, म्हणजे आधी शिकलेली परभाषा नव्या परभाषेला शब्द पुरवीत असे. आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्याची अवस्था ह्या निरीक्षणाशी पुष्कळ जुळते. मराठी आणि फ्रेंच ह्यांच्यात काही साम्य असेल असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. लिपी निराळी, संस्कृती निराळी. इंग्रजी मात्र त्याच रोमन अक्षरांत लिहिलेली, त्याच ‘बाहेरच्या’ जगाची. म्हणून शब्द अडला की त्याचा हात इंग्रजीच्याच कोठारात जातो.

ह्यात आणखी एक गोष्ट भर घालते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तीच मुख्य आहे. इंग्रजी शब्द आता पुस्तकात राहिलेले नाहीत. ते मराठी बोलण्यात इतके मिसळले आहेत की त्यांचे परकेपण जाणवत नाही. बेळगावच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात ‘अ‍ॅक्चुअली काय झालं माहितेय का’ असे वाक्य कानावर पडते, आणि बोलणाऱ्याला आपण इंग्रजी बोललो असे वाटत नाही. ‘मी पास झालो’, ‘लेक्चरला बसलो’, ‘कॉलेजात भेटू’, ‘लायब्ररीतून पुस्तक आणले’, ‘त्याने मला सपोर्ट केला’, ही वाक्ये घरातील आजीसुद्धा समजते. म्हणजे जो शब्द फ्रेंचमध्ये दगा देणार आहे तो अभ्यासकाच्या मातृभाषेच्या वेषात त्याच्या घरात आधीच येऊन बसलेला असतो. इंग्रज विद्यार्थी निदान आपली भाषा आणि परभाषा अशी दोन दालने ओळखतो. आपल्या विद्यार्थ्याला मधली भिंतच दिसत नाही.

ह्याचा परिणाम एका अर्जाच्या रूपाने तपशीलवार पाहू. अर्ज मी उदाहरणादाखल रचलेला आहे, परंतु त्यातील प्रत्येक चूक ह्या मार्गाने सहज घडणारी आहे. बेळगावचा एक वाणिज्य पदवीधर फ्रान्समधील विद्यापीठाला लिहीत आहे. त्याच्या मनातील मजकूर असा : ‘मी पदवीधर आहे. 2019 साली मी शेवटची परीक्षा पास झालो. कॉलेजात असताना मी फ्रेंचच्या लेक्चरांना हजर राहत होतो. लायब्ररीत मी पुष्कळ वेळ घालविला. माझे कुटुंब मला सपोर्ट करते.’

इंग्रजीतील पदवीधर ह्या शब्दाला जवळचा म्हणून तो ‘बाशल्ये’ लिहितो. फ्रान्समध्ये बाशल्ये म्हणजे शालान्त परीक्षा, आपल्याकडील बारावीच्या तोडीची, उत्तीर्ण झालेला. तीन वर्षांच्या पदवीला तेथे ‘लिसाँस’ म्हणतात. आणि लिसाँस हा शब्द आपल्याला दिसला तरी आपण तो वाहन चालविण्याच्या परवान्याशी जोडून बाजूस सारणार! एका शब्दात अर्जदाराची तीन वर्षे गेली. ‘पास झालो’ ह्यासाठी तो ‘पासे’ हे क्रियापद वापरतो. परंतु फ्रेंचमध्ये परीक्षा ‘पासे’ करणे म्हणजे परीक्षेस बसणे, परीक्षा देणे, निकाल काहीही लागो. उत्तीर्ण होण्यास ‘रेयुसिर’ हे क्रियापद हवे. तेव्हा वाचकाला कळते ते इतकेच की 2019 मध्ये गृहस्थांनी परीक्षा दिली, आणि निकालाविषयी ते मौन पाळतात. ‘कॉलेज’साठी ‘कोलेज’ लिहिले. फ्रान्समध्ये कोलेज ही सुमारे अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची चार इयत्तांची माध्यमिक शाळा. ‘हजर राहणे’ ह्याचे इंग्रजी क्रियापद आठवून ‘आताँद्र’ लिहिले, त्याचा अर्थ वाट पाहणे. आणि ‘लेक्चर’साठी ‘लेक्त्यूर’, त्याचा अर्थ वाचन. ही तीन पदे एका वाक्यात आली तेव्हा फ्रेंच वाचकासमोर जे उभे राहिले ते असे : ‘माध्यमिक शाळेत असताना मी फ्रेंच वाचनांची वाट पाहत होतो.’ पुढे ‘लिब्रेरी’त पुष्कळ वेळ घालविला, म्हणजे पुस्तकांच्या दुकानात, ग्रंथालयाला ‘बिब्लियोतेक’ म्हणतात. शेवटी ‘माझे कुटुंब मला सुपोर्ते करते’, ह्याचा अर्थ ‘माझे कुटुंब मला कसेबसे सहन करते’.

ह्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नाही असे समजू या. तरीही ते वाचून निवड समितीपुढे जो उमेदवार उभा राहतो तो बारावीपर्यंत शिकलेला, निकाल लपविणारा आणि घरच्यांना नकोसा झालेला असा आहे. बिचाऱ्या अर्जदाराला नकाराचे पत्र येते, आणि कारण त्याला कधीच कळत नाही.

हाच मजकूर शुद्ध मराठीच्या वाटेने गेला असता तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. ‘पास होणे’ सोडून ‘परीक्षा देणे’ आणि ‘परीक्षेत उत्तीर्ण होणे’ ही दोन मराठी क्रियापदे मनात ठेवली, तर फ्रेंचमधील पासे आणि रेयुसिर ही जोडी त्यांच्यासमोर बिनचूक येऊन उभी राहते. ‘हजर राहणे’ म्हटले की ‘आसिस्ते’ हे क्रियापद, ज्याला इंग्रजीच्या संगतीने आपण ‘मदत करणे’ समजतो, ते आपल्या मूळ अर्थाने, म्हणजे प्रसंगी उपस्थित असणे ह्या अर्थाने, कळू लागते. ‘प्रसंगी’ हा आपला जुना शब्द एव्हाँत्युएलमाँच्या अर्थाला जितका चपखल बसतो तितका इंग्रजीतला कोणताही एक शब्द बसत नाही. ‘द्माँदे’ ह्या क्रियापदाची कथाही अशीच आहे. इंग्रजी जोडीदारामुळे ते आपल्याला उद्दाम वाटते आणि विद्यार्थी ते वापरावयास कचरतात. मराठीत मात्र आपण माफी ‘मागतो’, पाणी ‘मागतो’, सल्ला ‘मागतो’, आणि फ्रेंच मनुष्य ह्या तिन्ही ठिकाणी हेच क्रियापद निःसंकोच योजतो. उलट, सीमाभागातील मराठी भाषकांनी सरकारी परिपत्रके व दाखले मराठीतून मिळावेत अशी जी मागणी 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर वारंवार केली, ती ह्या क्रियापदाने सांगितली तर ‘विनंती केली’ इतकीच पोचेल. हक्क म्हणून मागणे ह्यासाठी फ्रेंचमध्ये ‘रव्हाँदिके’ असे स्वतंत्र क्रियापद आहे, आणि ह्या भागाचा इतिहास फ्रेंच वाचकाला सांगावयाचा तर तेच वापरले पाहिजे.

ह्या वाटेलाही मर्यादा आहेत. ‘एक्स्पेरियाँस’ हा एकच फ्रेंच शब्द अनुभव आणि प्रयोग ह्या दोन्हींना पुरतो. मराठीत ते दोन शब्द आहेत आणि संदर्भाखेरीज निवड होत नाही. काही शब्द अर्धेच खोटे असतात, आणि ते पुऱ्या खोट्यांपेक्षा कठीण. ‘आसिस्ते’ला प्रत्यक्ष कर्म लागले तर ते मदतीचाही अर्थ देते, उपस्थितीच्या अर्थाने त्यापुढे ‘आ’ हे अव्यय यावे लागते. ‘एँपोर्ताँ’ म्हणजे महत्त्वाचा हे खरे, परंतु रकमेविषयी बोलताना त्याचा अर्थ ‘मोठी’ असा होतो. शिवाय अर्थ स्थिर राहत नाहीत. ‘रेआलिझे’ म्हणजे प्रत्यक्षात आणणे. परंतु इंग्रजीच्या दडपणाने ‘ध्यानात येणे’ हा अर्थही तेथील बोलण्यात आणि लेखनात शिरला आहे, तो कडव्या भाषाशुद्धिवाद्यांना मान्य नाही. उलट दिशेने, इंग्रजीतील ग्रंथालयाचा अर्थ हाच फ्रेंच लिब्रेरीचा जुना अर्थ होता. सोळाव्या शतकातील निबंधकार माँतेञ आपल्या मनोऱ्यातील ग्रंथसंग्रहाला ह्याच नावाने संबोधीत असे. तेव्हा खोटा मित्र हे नाव आजच्या घडीपुरते समजावे.

सीमाभागातील विद्यार्थ्याला ह्या साऱ्या विचारात एक विशेष सोय उपलब्ध आहे, आणि तिच्याकडे शिक्षकांचे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. सगोत्र शब्दांचा दगा म्हणजे काय हे त्याला पुस्तकावरून शिकावे लागत नाही. ‘अनुमान’ म्हणजे मराठीत तर्काने काढलेला निष्कर्ष. कानडी शेजारी तोच शब्द ‘संशय’ ह्या अर्थाने वापरतो, आणि ‘माझे अनुमान असे’ हे साधे वाक्य कानडी कानाला आरोपासारखे लागू शकते. ‘अवसर’ आपल्याला संधी किंवा सवड वाटतो. कानडीत ती घाई आहे. ‘प्रपंच’ आपला घरसंसार, त्यांचे अवघे जग. महाविद्यालयातील व्याख्यात्याच्या दारावर कानडीत ‘उपन्यासक’ अशी पाटी असते, आणि हिंदी वाचलेल्या मराठी मुलाला आत कोणी कादंबरीकार बसले आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. हिंदीत शिक्षणाला ‘शिक्षा’ म्हणतात, हे कळल्यावर मराठी आणि कानडी ही दोन्ही घरची मुले सारखीच चकित होतात, कारण त्या दोन्ही भाषांत शिक्षा म्हणजे दंडच. संस्कृतच्या एकाच भांडारातून उचललेल्या शब्दांना तीन भाषांनी तीन वळणे दिली. लॅटिनच्या भांडारातील शब्दांचे फ्रेंच आणि इंग्रजी ह्यांच्या हातून तेच झाले. निपाणीच्या बाजारात कानडी दुकानदाराशी बोलताना जी सावधगिरी हा मुलगा नकळत बाळगतो, तीच फ्रेंचच्या वर्गात जाणीवपूर्वक बाळगावयास शिकविली, तर एकभाषिक वळणाच्या विद्यार्थ्यापेक्षा तो पुढे जाऊ शकेल.

त्यासाठी मोठ्या खर्चाची वा नव्या संस्थेची आवश्यकता नाही. विद्यार्थ्याने शब्दांची वही ठेवताना फ्रेंच शब्दासमोर इंग्रजी प्रतिशब्दाचा रकाना आखू नये. मराठी अर्थ लिहावा, त्या अर्थाचे एक संपूर्ण फ्रेंच वाक्य लिहावे, आणि तो अर्थ लिहिताना अ‍ॅक्चुअली, पास, लेक्चर, सपोर्ट ह्यांसारखा उसना शब्द लेखणीवर आला तर थांबून त्याच्या जागी घरचा शब्द शोधावा. जे शिक्षक ह्या भागात फ्रेंच शिकवितात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, पहिल्या सत्राच्या शेवटी त्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासावयास घ्याव्यात आणि त्यांतील इंग्रजी रकाना खोडून टाकावा.